खरूज एकट्याची नसते

वसतिगृहातून सुट्टीला आलेला मुलगा रात्री अंथरुणात पडला की खाजवू लागतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक पुरळ दिसतं आणि नीट पाहिलं तर अर्धा-एक सेंटिमीटरची करडी, नागमोडी रेघ. खरजेच्या किड्याची मादी कातडीत बीळ कोरून तिथे अंडी घालते, त्याची ही खूण.

खाज सुटते ती किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांना शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे. पहिल्यांदा लागण झाली तर ही प्रतिक्रिया उमटायला चार ते सहा आठवडे लागतात. खरी गोम इथेच आहे. मुलाशेजारी झोपणारी धाकटी बहीण, तिला कडेवर घेणारी आजी, दोघींना काहीच होत नसतं, पण किडे पोचलेले असतात. मुलालाच मलम लावलं, तर तो बरा होतो आणि महिन्याभरात बहिणीकडून त्याला पुन्हा लागण होते.

म्हणून खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री उपचार घ्यावा. पाच टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळव्यांपर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीही लावून सकाळी धुवावं. आठवड्याने पुन्हा लावावं. तान्ही बाळं आणि गरोदर स्त्रियांसाठी आधी डॉक्टरांना विचारावं. त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. नंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. दुकानातून स्टेरॉइडचं मलम मात्र आणू नका. त्याने पुरळ दबतं, किडे मरत नाहीत.