फॅमिली प्लॅनची सूत्रं कोणाच्या हाती?

गूगल वनची जागा घरात वाटून घ्यायची असेल, तर एका माणसाला फॅमिली ग्रुप काढावा लागतो. तो फॅमिली मॅनेजर. तो आणि आणखी पाच जण, असे एकूण सहा. सामील होणं सोपं असतं. अडतं ते बाहेर पडताना.

समजा, थोरल्या मुलाने पुण्यात बसून ग्रुप काढला. त्यात बायको, साताऱ्याचे आईवडील, बहीण आणि धाकटा भाऊ. पैसे जातात वडिलांच्या कार्डावरून, म्हणून त्यांना वाटतं प्लॅन आपला. पण गूगलच्या लेखी मालक म्हणजे मॅनेजरचं अकाउंट. कार्ड कोणाचं, याने काही बदलत नाही. वडिलांनी कार्ड बंद केलं, तर पैसे थकतील आणि काही दिवसांनी सहाही जणांची वाढीव जागा जाईल. प्लॅन रीतसर रद्द करायचा तर तो थोरल्याच्याच लॉगिनमधून. तसं केलं की पैसे भरलेली मुदत संपेपर्यंत जागा मिळत राहते.

आता थोरल्याने ठरवलं की हे सगळं धाकट्याकडे सोपवावं. इथे खरी गाठ बसते, कारण मॅनेजरपद दुसऱ्याला देताच येत नाही. जुना ग्रुप मोडायचा आणि धाकट्याने नवा काढायचा, एवढाच मार्ग. मला हा नियम फार जाचक वाटतो; मॅनेजर आजारी पडला किंवा गेला, तर घरच्यांची मोठीच अडचण होते.

ग्रुप मोडला की कोणाचे फोटो लगेच पुसले जात नाहीत. पण मॅनेजर सोडून बाकी प्रत्येकाकडे उरते फक्त फुकटची 15 जीबी. वडिलांचे फोटो आणि मेल मिळून 42 जीबी असतील, तर ते 27 जीबीने वर. मग नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं-जाणं थांबतं. बँकेची स्टेटमेंटं येईनाशी झाली, की बहुतेकांना तेव्हा पत्ता लागतो. दोन वर्षं असंच राहिलं, तर गूगल साठवलेलं काढून टाकू शकतं.

म्हणून आधी one.google.com/storage वर प्रत्येकाने किती जागा वापरली ते पाहावं. ज्यांची 15 जीबीच्या वर आहे, त्यांचे फोटो आधी डिस्कवर उतरवून घ्यावेत. मगच ग्रुप मोडावा आणि त्याच दिवशी नव्यात यावं. एका माणसाला बारा महिन्यांत एकदाच ग्रुप बदलता येतो. त्यामुळे बहीण लग्नानंतर सासरच्या ग्रुपमध्ये जाणार असेल, तर तिने धाकट्याच्या नव्या ग्रुपमध्ये येऊच नये. नाहीतर तिला वर्षभर थांबावं लागेल.

आपल्या घरात मॅनेजर कोणाचं अकाउंट आहे आणि त्याला जोडलेला फोन नंबर अजून चालू आहे का, हे आजच विचारून घ्या.