‘पेको’ म्हणजे पांढरी लव

उमरीसारख्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानात चहा मागितला, की दुकानदार एवढेच विचारतो, ‘मोठी पत्ती की बारीक?’ स्थानकाजवळच्या टपरीवाल्याला बारीक भुकटी लागते, कारण ती चटकन उतरते आणि दूध घातल्यावरही रंग टिकवते. घरी बहुधा दाणेदार पत्ती चालते. घाऊक व्यापाऱ्याच्या गोणीवर मात्र ‘बीओपी’, ‘पीएफ’, ‘पीडी’ अशी अक्षरे असतात. त्यांतील ‘पी’ हा ‘पेको’ या चिनी शब्दाचा अवशेष आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘चहा’ हा शब्दच मुळात चिनी ‘छा’वरून आला, आणि त्याच चिन्हाच्या फुज्यान किनाऱ्यावरील ‘ते’ या उच्चारावरून इंग्रजांचा ‘टी’. ‘पेको’ही त्याच किनाऱ्यावरील बोलीतला आहे. त्याचा अर्थ ‘पांढरी लव’. चहाच्या न उमललेल्या कोंबावर बारीक रुपेरी लव असते. पाने मोठी होऊ लागली की ती विरळ होते. त्यामुळे लव दिसली म्हणजे कोवळा कोंब खुडला, असा सरळ निष्कर्ष निघत असे. फुज्यानमधील ‘पाय हाओ यिन चेन’, म्हणजे ‘पांढऱ्या लवेच्या रुपेरी सुया’, या चहात केवळ कोंबच असतात. कोंबाबरोबर एक-दोन पाने आली की नाव बदलून ‘पांढरी पिओनी’ होते. येथे नाव वाचले की खुडणी कशी झाली, ते कळते.

युरोपीय व्यापाऱ्यांनी हे शब्द उचलले. पण अर्थ वाटेतच गळाले. ‘सुचाँग’ म्हणजे चिनी भाषेत ‘लहान जात’. आपल्याकडच्या प्रतवारीत मात्र ‘पेको सुचाँग’ ही खालच्या, जाड पानांची प्रत ठरली. ‘काँगू’ या जुन्या व्यापारी नावामागे ‘कुंग फू’ हाच शब्द आहे. तेथे त्याचा अर्थ परिश्रम आणि कौशल्य. आसामात १९३०च्या दशकात पाने चिरडून, फाडून, वळवणारी सीटीसी यंत्रे आली, तेव्हा ‘पेको’चा लवेशी उरलेला संबंधही संपला. आज गोणीवरील ती अक्षरे केवळ चाळणीचे माप सांगतात: बीओपी म्हणजे मोठा दाणा, पीएफ त्याहून लहान, पीडी म्हणजे भुकटी. बारीक चहा हलका आणि मोठा दाणा उत्तम, असे यावरून ठरत नाही. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून या सर्व प्रती निघतात.

चीनमध्ये हिरव्या चहाच्या नावात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे काळ. हांगचौजवळच्या ‘लोंगचिंग’ चहाच्या डब्यावर ‘मिंगछियेन’ लिहिलेले असते. छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस ४ किंवा ५ एप्रिलच्या सुमारास येतो. त्याआधी खुडलेला तो मिंगछियेन. त्यानंतर, साधारण २० एप्रिलला येणाऱ्या ‘धान्यवृष्टी’ पर्वापूर्वी खुडलेला तो ‘यूछियेन’, म्हणजे ‘पावसाआधीचा’. थंडीतून जागे होणाऱ्या झाडाच्या कोंबात गोडी देणारी द्रव्ये अधिक आणि तुरटपणा कमी असतो. ऊन वाढते तसा तुरटपणा वाढतो. खुडणीतील दोन आठवड्यांच्या फरकामुळे किमतीत मोठी तफावत पडते, ती यामुळेच.

पण याच शब्दाआड फसवणूकही चालते. सछ्वानसारख्या उबदार प्रांतात कोंब फेब्रुवारी-मार्चमध्येच फुटतात. तेथील चहा लोंगचिंगसारखा चपटा करून ‘मिंगछियेन’ म्हणून विकला, तर तारीख खरी ठरते, पण चहा खोटा. लवकर फुटणाऱ्या नव्या वाणांमुळे हांगचौतही केवळ तारखेचे वजन कमी झाले आहे. म्हणून काळाच्या शब्दाबरोबर स्थळाचा शब्दही वाचावा लागतो. नियमानुसार ‘लोंगचिंग’ हे नाव च-च्यांग प्रांतातील तीन निश्चित क्षेत्रांपुरतेच आहे, आणि ‘शीहू’ हे विशेषण त्यांपैकी पश्चिम सरोवराभोवतीच्या क्षेत्राला लागते.

आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. अस्सल लोंगचिंगवर लव जवळजवळ दिसत नाही. तापलेल्या कढईत हाताने दाबून पाने चपटी करताना ती झडून जाते. रुपेरी सुयांच्या चहात लव ही गुणाची खूण आहे. लोंगचिंगमध्ये मात्र गुळगुळीतपणा ही नीट भाजल्याची खूण होय.

अखेरची परीक्षा काचेच्या पेल्यात होते. उकळून किंचित निवलेल्या पाण्यात चिमूटभर पाने टाकावीत आणि उलगडू द्यावीत. एक कोंब, त्याला चिकटलेले एक पान, कडा अखंड, असे दिसले तर डब्यावरचे शब्द निदान खुडणीपुरते खरे आहेत. तुकडे आणि जाड देठ दिसले तर नाव कितीही मोठे असो, ते व्यर्थ. उमरीच्या दाणेदार पत्तीची मात्र अशी परीक्षा घेता येत नाही; तिच्यात पान उरलेलेच नसते. तिचा निवाडा रंगावर आणि चवीवरच करावा लागतो.