जुन्या वर्षाची फेरआकारणी : उत्तरापूर्वी कारणांची मागणी

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत गेल्या काही वर्षांत जमिनींचे व्यवहार वाढले. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, आणि कल्याणकडील वस्ती मुरबाडच्या दिशेने सरकू लागली. भात व नाचणी पिकविणाऱ्या कुटुंबांच्या हाती त्यामुळे पूर्वी कधी न आलेल्या रकमा आल्या. व्यवहार होऊन चारपाच वर्षे लोटल्यावर अशा कुटुंबातील एखाद्याच्या नावे आयकर विभागाची नोटीस येते. अमुक आकारणी वर्षातील करपात्र उत्पन्न आकारणीतून निसटल्याचे दिसते, तरी ते वर्ष पुन्हा का उघडू नये, अशी विचारणा तीत केलेली असते.

१९६१ च्या अधिनियमाखालील नियमांनुसार तीस लाख रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराची माहिती दुय्यम निबंधकांना आयकर विभागास कळवावी लागत असे. ज्याच्या नावे विवरणपत्र भरलेले नाही, त्याच्या बाबतीत ही माहिती एकाकी पडते आणि तीवरूनच नोटीस निघते. व्यवहार झाला एवढे त्या माहितीवरून कळते. त्यातून कर देय होतो की नाही, हे तीवरून ठरत नाही.

उदाहरणादाखल मुरबाड तालुक्यातील सरळगाव परिसरातील तीन भावांचे एक कल्पित प्रकरण घेता येईल. वडिलोपार्जित जमीन तिघांनी मिळून नोव्हेंबर २०२० मध्ये ६६ लाख रुपयांस विकली. प्रत्येकाच्या बँक खात्यात २२ लाख रुपये जमा झाले. तिघांपैकी कोणीही विवरणपत्र भरले नाही. हा व्यवहार २०२१-२२ या आकारणी वर्षात येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये थोरल्या भावास आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १४८-क खालील नोटीस आली. तीत ‘स्थावर मालमत्तेची विक्री’ एवढाच मोघम उल्लेख होता आणि सोबत कोणतेही परिशिष्ट नव्हते.

अशा वेळी दोन चुका घडतात. एक म्हणजे नोटीस बाजूला ठेवून देणे. दुसरी, आणि अधिक सूक्ष्म, म्हणजे घाबरून मिळतील ते सर्व कागद पाठवून देणे. आरोप नेमका कोणता हे ठाऊक नसताना दिलेले उत्तर बहुधा भलत्याच प्रश्नाचे उत्तर ठरते. म्हणून पहिले पत्र कारणांची मागणी करणारे असावे.

ही मागणी मेहेरबानीची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स प्रकरणात याचा क्रम घालून दिला : करदात्याने नोटिशीस अनुसरून विवरणपत्र भरावे आणि कारणे मागावीत, अधिकाऱ्याने ती वाजवी मुदतीत द्यावीत, करदात्याने आक्षेप घेतल्यास त्यांवर कारणमीमांसा असलेला आदेश काढावा. पुढे २०११ मध्ये विदेश संचार निगमच्या प्रकरणात, आकारणी पूर्ण होईपर्यंत नोंदविलेली कारणे न दिल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ती फेरआकारणी टिकू दिली नाही. याच न्यायालयाने २००४ मध्ये हिंदुस्तान लीव्हरच्या प्रकरणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली होती. नोंदविलेली कारणे जशी लिहिली तशीच वाचावयाची असतात; त्यांतील उणीव अधिकाऱ्यास नंतर प्रतिज्ञापत्राने भरून काढता येत नाही. कारणांची प्रत लेखी मिळविण्याचे महत्त्व यातच आहे.

१ एप्रिल २०२१ पासून हा क्रम बदलला. आता फेरआकारणीची मुख्य नोटीस, म्हणजे कलम १४८ ची, निघण्यापूर्वीच करदात्याचे म्हणणे ऐकावे लागते. त्यासाठी कलम १४८-क ची नोटीस असते आणि उत्पन्न निसटल्याचे सुचविणारी माहिती तिच्यासोबतच द्यावी लागते. उत्तर पाहून अधिकारी वरिष्ठांच्या संमतीने आदेश काढतो. प्रकरण योग्य वाटल्यास त्या आदेशाच्या प्रतीसह कलम १४८ ची नोटीस येते, आणि विवरणपत्र भरण्याचा प्रश्न त्यानंतरचा असतो. जुन्या निकालांवर विसंबून पहिल्याच टप्प्यास विवरणपत्र भरण्याचा सल्ला आजही कोठे कोठे दिला जातो. तो या टप्प्यास लागू पडत नाही.

थोरल्या भावाने नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आतच विभागाच्या संकेतस्थळावरून पत्र पाठविले. प्रथम त्याने नोटिशीवरील दस्तऐवज ओळख क्रमांक तेथे पडताळून पाहिला, कारण बनावट नोटिसाही फिरत असतात. पत्राचा मजकूर थोडक्यात असा होता : “आकारणी वर्ष २०२१-२२ संबंधीची नोटीस मिळाली. ज्या माहितीवर ती आधारलेली आहे, ती माहिती, तिचा स्रोत व निसटलेल्या उत्पन्नाचा हिशेब सोबत जोडलेला नाही. तो देण्यात यावा आणि तो मिळाल्यापासून उत्तरासाठी पुरेशी मुदत मिळावी. नोटिशीच्या वैधतेबाबतचे सर्व आक्षेप राखून ठेवीत आहे.” पाठविल्याची पोच त्याने छापून ठेवली. मुदत मागितली म्हणजे ती मिळालीच असे नसते. म्हणून त्याने कागद जमविण्याचे काम त्याच दिवशी सुरू केले.

माहिती आली तेव्हा खरा प्रकार उघड झाला. दस्त एकच असल्याने संपूर्ण ६६ लाख रुपये त्याच्या एकट्याच्या पॅन क्रमांकापुढे दाखविलेले होते. मुदतीचा सारा प्रश्न येथेच फिरला. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या तरतुदींनुसार कलम १४८-क ची नोटीस साधारणपणे आकारणी वर्ष संपल्यापासून तीन वर्षांच्या आत निघावी लागते. निसटलेले उत्पन्न पन्नास लाख वा अधिक असल्याचा पुरावा हाती असेल, तरच ही मुदत पाच वर्षांपर्यंत जाते. २०२१-२२ हे आकारणी वर्ष ३१ मार्च २०२२ रोजी संपले. तीन वर्षे ३१ मार्च २०२५ रोजी पुरी झाली. सप्टेंबरमधील नोटीस तग धरते ती केवळ ६६ लाखांच्या आकड्यावर. हिस्सा २२ लाखांचा असल्याचे खरेदीखत, सातबारा, फेरफार व बँकेचे पासबुक यांवरून सिद्ध होताच तो आधार निखळतो. माहिती न मागता त्याने नुसते ‘आम्ही शेतकरी आहोत’ असे कळविले असते, तर हा मुद्दा त्याच्या ध्यानीही आला नसता.

दुसरा मुद्दा जमिनीच्या स्वरूपाचा. ग्रामीण शेतजमीन ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मत्ता नव्हे. तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसत नाही. मात्र ‘ग्रामीण’ म्हणजे काय, हे अंतरावर ठरते. नगरपंचायत वा नगरपालिकेच्या हद्दीतील, दहा हजारांहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रातील जमीन या सवलतीत येत नाही. हद्दीबाहेरही लोकसंख्या दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असल्यास दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा आणि त्याहून अधिक असल्यास आठ किलोमीटरपर्यंतची जमीन वगळली जाते. हे अंतर रस्त्याने नव्हे, तर सरळ रेषेत मोजतात. मुरबाड किंवा शहापूर गावाला लागून असलेल्या शेताबाबत म्हणूनच आधी मोजणी करावी आणि मगच दावा करावा. सातबाऱ्यावरील पीकपाहणीच्या नोंदीही पाहाव्यात. बिनशेती झालेल्या जमिनीस हे उत्तर उपयोगी पडत नाही.

कारणे मिळाली म्हणजे प्रकरण संपले असेही नाही. या टप्प्यावर अधिकाऱ्यास उत्पन्न निसटल्याचे सिद्ध करावयाचे नसते; तसे सुचविणारी माहिती असणे त्याला पुरते. त्यामुळे उत्तर अमान्य होऊन कलम १४८ ची नोटीस निघू शकते. तसे झाल्यास नोटिशीतील मुदतीत विवरणपत्र भरावे आणि तेच आक्षेप पुन्हा लेखी मांडावेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास आयकर अधिनियम, २०२५ लागू करण्यात आला असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांची फेरआकारणी १९६१ च्या अधिनियमानेच चालते.