बाळाच्या चेहऱ्यावर मोठ्यांचं नाक

‘ट्वायलाइट’ मालिकेचा शेवटचा चित्रपट 2012 साली आला. त्यात रेनेस्मी नावाचं एक बाळ आहे. कथेत ते झपाट्याने वाढतं आणि पाळण्यात असतानाच समोरच्या माणसाकडे समजून-उमजून पाहतं. आधी त्यासाठी यंत्रावर चालणारी बाहुली तयार करण्यात आली. ती इतकी भयाण दिसली की चित्रीकरणाच्या चमूने एका खुनी बाहुलीच्या चित्रपटावरून तिला टोपणनाव दिलं, आणि अखेर ती बाजूला ठेवली गेली. मग दुसरा मार्ग निघाला. मोठ्या रेनेस्मीची भूमिका करणारी मॅकेन्झी फॉय चित्रीकरणाच्या वेळी दहा वर्षांची होती. तिचा चेहरा संगणकावर लहान करून तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या अंगावर बसवण्यात आला. पैसा होता, कसबी कलाकार होते, वेळही होता. तरीही पडद्यावरचं ते बाळ पाहून अनेक प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला.

असं का झालं, याचं उत्तर बाळाच्या हाडांत आहे. आज फेस स्वॅपची साधनं फोनवर आली आहेत. आईचा चेहरा बाळाला, बाबांचा चेहरा दोन वर्षांच्या मुलाला लावून पाहणाऱ्या घरांत तोच अनुभव येतो. चित्र स्वच्छ असतं, कडा दिसत नाहीत, रंग जुळलेला असतो, पण पाळण्यातून एखादा बुटका प्रौढ माणूस आपल्याकडे बघतोय असं वाटतं.

जन्माच्या वेळी कवटीचा मेंदू सामावणारा भाग चेहऱ्याच्या जवळजवळ आठपट असतो. प्रौढपणी हे प्रमाण अडीचपटीच्या आसपास येतं. म्हणजे वाढीच्या वर्षांत चेहरा कपाळाखालून खाली आणि पुढे सरकत जातो. वरचा जबडा उतरतो, त्यात दात येतात, खालचा जबडा लांबतो, नाकाचं हाड उंचावतं. बाळाच्या चेहऱ्यात यातलं काहीच अजून झालेलं नसतं. म्हणून त्याचं कपाळ मोठं दिसतं, डोळे डोक्याच्या मध्याच्या खाली असतात, आणि डोळे, नाक, तोंड हे सगळं खालच्या थोड्याशा जागेत दाटीवाटीने बसलेलं असतं.

आता फेस स्वॅपचं साधन काय करतं ते पाहू. `inswapper_128` सारखं मॉडेल आधी चेहऱ्यावर पाच खुणा शोधतं: दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांचे दोन कोपरे. या खुणा एका ठरलेल्या साच्यावर बसाव्यात म्हणून ते चित्र फिरवतं आणि लहान-मोठं करतं. साचा 112 पिक्सेलच्या चौकोनाचा आहे. त्यात दोन डोळ्यांमधलं अंतर सुमारे 35 पिक्सेल आणि डोळ्यांच्या रेषेपासून तोंडापर्यंतचं अंतर सुमारे 41 पिक्सेल धरलेलं आहे. हे मोठ्या माणसाचं माप आहे.

समजा, दहा महिन्यांच्या एका बाळाचा समोरून काढलेला फोटो आहे. त्यात डोळ्यांमधलं अंतर 100 पिक्सेल भरलं आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंतचं 95. साच्याच्या हिशेबाने तोंड 116 पिक्सेल खाली असायला हवं होतं. साधन चित्र उभं ताणू शकत नाही, फक्त सारख्या प्रमाणात लहान-मोठं करू शकतं. म्हणून ते तडजोड करतं: डोळे साच्यापेक्षा जरा बाहेर, तोंड जरा वर. एकवीस पिक्सेलची ही चूक चेहराभर वाटली जाते आणि मॉडेल त्या वाकड्या जागेवरच चित्र काढायला बसतं. खुणा शोधण्याचं कामही बाळांच्या बाबतीत कच्चं असतं. बहुतेक मॉडेल मोठ्यांच्या चेहऱ्यांवर शिकलेली असतात. ‘इन्फॅनफेस’ नावाचा तान्ह्या बाळांच्या 410 फोटोंचा संग्रह संशोधकांनी मुद्दाम यासाठीच तयार केला. त्यातल्या प्रत्येक चेहऱ्यावर 68 खुणा आहेत. कुशीवर झोपलेलं किंवा मूठ तोंडात घातलेलं बाळ असेल तर कित्येकदा साधनाला चेहरा सापडतच नाही.

पण मापाची चूक एकवेळ सुधारता येते. खरी अडचण ओळखीची आहे.

मूळ फोटोतल्या माणसाची ओळख मॉडेल 512 आकड्यांच्या एका यादीत साठवतं. एक माणूस दुसऱ्यापासून कसा वेगळा आहे, एवढंच त्या आकड्यांत असतं. प्रौढ माणसं कशावरून ओळखू येतात? नाकाचा दांडा, गालाचं हाड, हनुवटी, जबड्याची रेषा, दात यांवरून. नेमक्या याच गोष्टी बाळाकडे नसतात. आईचं नाक धारदार असेल तर मॉडेलच्या लेखी ते नाक म्हणजेच आई. ते नाक बाळाला लावलं की बाळपण जातं, आणि काढून टाकलं की आई जाते. कोणत्याही फिल्टरने हा पेच सुटत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे चित्र जोडणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.

सुरुवात नाकापासून करावी. बाळाचं नाक दोन डोळ्यांच्या मध्ये बसकं आणि रुंद असतं. तिथली कातडी सैल असल्याने डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांवर तिची घडी येते आणि पांढरा भाग झाकला जातो. कित्येक आईवडील बाळ तिरळं आहे की काय या शंकेने डॉक्टरांकडे जातात, त्यामागे बरेचदा हीच घडी असते. मोठ्यांच्या नाकावर प्रकाश पडला की दांड्यावर एक उभी चमक उमटते आणि दोन्ही बाजूंना सावली पडते. बाळाच्या नाकावर चमक फक्त शेंड्याला असते, वरचा भाग सपाट उजळतो. साधनाने काढलेल्या चित्रात भुवयांपासून खाली येणारी ती चमकती रेघ दिसली, की नाक मोठ्यांचं आहे हे नक्की समजावं. डोळ्यांचा आतला पांढरा कोपरा अचानक उघडा पडलेला दिसला तर तीही त्याच चुकीची खूण.

गालांची गोष्ट वेगळी आहे. तान्ह्या मुलाच्या गालात चरबीची एक जाड गादी असते आणि चोखताना ती गालाला आधार देते. त्यामुळे बाळाचा चेहरा सर्वांत रुंद असतो तो खाली, तोंडाच्या बाजूंना. मोठ्या माणसाचा चेहरा गालाच्या हाडापाशी, डोळ्यांच्या जरा खाली, रुंद असतो. बहुतेक साधनं चेहऱ्याची बाहेरची कड मूळ बाळाचीच राहू देतात आणि फक्त आतला भाग बदलतात. परिणामी गोबऱ्या गालांच्या चौकटीत मोठ्यांच्या गालाच्या हाडाची सावली उमटते, आणि नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत एक सुरकुती येते. बाळ हसलं तर ही सुरकुती आणखी खोल होते. खऱ्या बाळाच्या हसण्यात गाल फुगून डोळ्यांकडे वर सरकतात, तिथे इतकी धारदार रेघ पडत नाही. व्हिडिओत बाळ पुढे वाकलं की गाल खाली लोंबतात, उताणं झोपलं की कानांकडे पसरतात. साधनाला हे वजन कळत नाही, म्हणून दर काही फ्रेमनंतर गाल थरथरल्यासारखे दिसतात.

आणि मग तोंड. दहा महिन्यांच्या बाळाचं बोळकं उघडलं की साधारणपणे खालचे पुढचे दोन दात दिसतात, काही बाळांना तेही नसतात. पहिला दात सहाव्या महिन्याच्या पुढेमागे खालच्या हिरडीतून येतो, आणि दुधाचे वीस दात पूर्ण व्हायला अडीच ते तीन वर्षं लागतात. साधनाला मात्र उघडं तोंड दिसलं की वरच्या दातांची सलग रांग भरायची सवय असते. चेहरा धारदार करणारं दुसरं मॉडेल त्यावर चालवलं तर तो अंधुक पांढरा पट्टा दातांत बदलतो. हिरडीच्या जागी बत्तीशी दिसलेलं हसणारं बाळ विसरणं कठीण असतं. सहा-सात वर्षांच्या मुलांतही ही चूक होते, कारण पडलेल्या दातांची फट साधन बुजवून टाकतं.

त्या दहा महिन्यांच्या बाळाच्या फोटोवर, आईचा चेहरा मुळाशी धरून, जाणकार माणूस असं काम करेल. आधी शक्य असेल तर आईचाच लहानपणीचा फोटो शोधेल. घरच्या अल्बममधला बारशाचा किंवा जावळाचा फोटो आजच्या उत्तम छायाचित्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण त्यात तिचं बाळपणीचं नाक आहे. तसा फोटो नसेल तर साधनाचं चित्र मूळ बाळाच्या फोटोवर वेगळ्या थरात ठेवेल आणि तुकड्यातुकड्याने उघडेल. भुवया, डोळ्यांचा आकार आणि पापण्यांची ठेवण पूर्ण घेईल. डोळ्यांच्या काळ्या भागाचा आकार मात्र बाळाचाच ठेवेल. जन्मतः डोळ्याचा गोल लहान असला तरी बुबुळ प्रौढाच्या मापाच्या बरंच जवळ असतं, म्हणून बाळाचे डोळे काळेभोर आणि मोठे दिसतात. नाकाचा दांडा पूर्ण पुसेल, शेंड्याची ठेवण हवी तर तीस-चाळीस टक्के दाट ठेवेल. गाल आणि हनुवटी जशीच्या तशी बाळाची. ओठांची कमान थोडी घेता येते, पण ओठांच्या आतलं काहीही घेणार नाही, तिथे मास्क पूर्ण बंद. धारदार करणारं मॉडेल चालवायचंच असेल तर फक्त डोळ्यांपुरतं, कारण ते कातडीवर मोठ्यांची छिद्रं उमटवतं.

जमलं की नाही, हे मोठं करून पाहण्यापेक्षा लहान करून पाहिल्यावर चटकन कळतं. चित्र नखाएवढं करावं. तेवढ्यात बाळाचं वय किती वाटतं, हे ज्याने मूळ फोटो पाहिला नाही त्याला विचारावं. उत्तर ‘चार-पाच वर्षं’ असं आलं तर बहुधा नाकाचा दांडा किंवा दात राहून गेले आहेत.

चित्रपटवाले एवढा खटाटोप करतात त्याला कायद्याचंही कारण आहे. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिवसाला फक्त वीस मिनिटं काम करू देतात आणि प्रखर दिव्यासमोर एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. घरगुती वापर त्यातून वगळला आहे. पण ॲपवर चढवलेला बाळाचा चेहरा घरात राहत नाही. शेजारच्या किंवा इंटरनेटवरच्या बाळाचं अंग वापरून केलेला स्वॅप तर त्या आईवडिलांना विचारल्याशिवाय करूच नये, मग तो कितीही निरागस असो.

बाजूने काढलेल्या फोटोत यातलं फार काही चालत नाही. तिथे नाक हीच चेहऱ्याची कड असते. मोठं नाक ठेवलं तर ते बाळाच्या चेहऱ्याबाहेर येतं, पुसलं तर मागची भिंत नव्याने रंगवावी लागते, आणि उरते ती फक्त भुवईची ठेवण. अशा फोटोवर तासन्‌तास घालवण्यापेक्षा समोरून काढलेला, डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं असा दुसरा फोटो निवडावा.