घसारा: दोन पद्धती, एकच नोंद

यंत्राची किंमत ९०,००० रुपये, उभारणी खर्च १०,००० आणि खरेदी १ ऑक्टोबर २०२२ ची. वार्षिक १० टक्के घसारा १,००,००० वर काढायचा. उभारणी खर्च वगळला की पुढचे सगळे आकडे चुकतात. ३१ मार्च २०२३ ला सहा महिन्यांचा घसारा दोन्ही पद्धतींत ५,००० येतो. फरक दुसऱ्या वर्षी पडतो. स्थिर हप्ता पद्धतीत मूळ किमतीवर १०,००० आणि शिल्लक ८५,००० राहते. ऱ्हासमान शेष पद्धतीत ९५,००० वर ९,५०० आणि शिल्लक ८५,५००.

रोजकीर्दीतील नोंद मात्र तीच: घसारा खाते नावे, यंत्र खाते जमा. वर्षअखेरीस नफा-तोटा खाते नावे टाकून घसारा खाते बंद होते. ऱ्हासमान शेष पद्धतीत शिल्लक कधीच शून्यावर येत नाही.