पंचवीस वर्षांच्या पत्रात बाकीचा आकडा नको

दिवाळी पाडव्याला नव्या वह्या लागतात, त्या सुमारास इचलकरंजीतल्या एखाद्या सूत व्यापाऱ्याला जुन्या यंत्रमागवाल्याला चार ओळी लिहाव्याशा वाटतात. तो छापखान्याला फोन करतो आणि तिथून ठरलेला मजकूर येतो: आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत, हा स्नेह असाच वृद्धिंगत होवो. नाव बदलले की तेच पत्र सिमेंटवाल्यालाही चालते. ते घेणाऱ्याच्या टेबलावर मिठाईच्या खोक्याखाली जाते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

हे पत्र लिहायचे तर आधी खतावणी काढावी. समजा, त्या कारखानदाराच्या खात्यावरची पहिली नोंद 2000 सालच्या दिवाळीची आहे: चाळीस काउंटच्या सुताची पाच पोती, तीही रोखीने. पुढच्या पानांवर पोती वाढत जातात आणि काही महिन्यांनी पहिली उधारी दिसते. पत्राची सुरुवात इथेच सापडली. पाच पोती रोखीने नेणारा माणूस कोणत्या महिन्यात उधारीवर आला, हे आभाराच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते.

मग एखादा वांधा शोधावा. पंचवीस वर्षांत तो झाला नसेल असे होत नाही, आणि माझ्या मते पत्राचा जीव त्यातच असतो. आपल्या उदाहरणात तो लॉटचा आहे. एकाच काउंटचे सूत असले तरी दोन लॉटमधला कापूस वेगळा असू शकतो, त्यामुळे ते रंग कमीजास्त घेते. मागावर कोरे कापड अगदी स्वच्छ दिसते. प्रोसेसमधून रंगून आले की बाण्याच्या बाजूने आडवे पट्टे उठतात. आता दोष कुणाचा? कारखानदाराने उरलेले जुने कोन नव्यात मिसळून कांड्या भरल्या असतील, किंवा पोत्यातच सरमिसळ आली असेल. अशा वेळी शिल्लक कोन अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरतात. एकाच लॉट नंबरच्या पोत्यातले काही कोन निळसर उजळले आणि काही पिवळसर, तर संशय सूत पुरवणाऱ्याकडे वळतो. इथे तसेच झाले. व्यापाऱ्याने उरलेली पोती परत उचलली, नुकसानीची क्रेडिट नोट दिली आणि गिरणीशी भांडण स्वतः केले. गिऱ्हाइकानेही तोवर दुसरा व्यापारी धरला नाही.

पत्रात हे तीन वाक्यांत यावे. त्या वेळी कारभार पाहणारे वडील आता नसतील आणि मुलगा गादीवर असेल, तर पत्र मुलाच्या नावाने लिहावे आणि वडिलांचा उल्लेख आत करावा:

‘सप्रेम नमस्कार. 2009 साली आमच्या लॉटमुळे आपल्या मालावर पट्टे आले. आपल्या वडिलांनी दुकानात येऊन फक्त कोन दाखवले, आवाज चढवला नाही. उरलेली पोती आम्ही त्याच आठवड्यात उचलली आणि पुढची ऑर्डर त्यांनी आम्हालाच दिली. 2020 च्या टाळेबंदीत माग बंद होते, तरी आपला फोन आधी आला, आमचा नंतर. हे आमच्या लक्षात आहे.’

एवढे पुरे. दोष आपला होता तो आपला म्हणून सांगितला, गिरणीच्या गळ्यात घातला नाही. याच्या पुढे नवा दर, नवा माल किंवा ‘ऑर्डर वाढवावी ही विनंती’ जोडली की वाचणाऱ्याला कळते की वरचे सगळे त्यासाठीच होते.

लिहिण्याच्या ओघात एक वाक्य मात्र सहज निसटते: ‘आपला हिशेब आजवर चोख, एक रुपयाही बाकी नाही.’ खात्यावर येणे असताना आपल्याच सहीने हे लिहून दिले, तर उद्या वाद कोर्टात गेल्यावर समोरचा वकील तेच पत्र पुढे करील. उलट, पत्रात बाकीचा आकडा घातला तर गोडवाही जातो आणि कायद्याने काही मिळतही नाही. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ती नव्याने सुरू होण्यासाठी ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी लेखी, सहीनिशी मान्य करावी लागते. येणेकऱ्याने कितीही वेळा आकडा लिहिला तरी त्याने मुदत वाढत नाही.

तेव्हा पाडव्याच्या पत्रात फक्त आठवणी लिहा. बाकी कबुलीचा कागद 31 मार्चनंतर खात्याच्या उताऱ्यासोबत वेगळा पाठवा, आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही, शिक्का व तारीख घेऊन तो फाइलला लावा.