सही नेमकी कुणाची?

सिनेमा शेकडो हातांनी घडतो. मग त्यावर दिग्दर्शकाची छाप आहे, हे समीक्षक कशावरून ठरवतात? १९५०च्या दशकात ‘काहिए द्यू सिनेमा’ या फ्रेंच मासिकातल्या तरुण समीक्षकांनी हॉवर्ड हॉक्सचे चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. स्टुडिओ, छायालेखक, चित्रपटाचा प्रकार बदलला, तरी काय टिकून राहतं?

हॉक्सच्या ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’मध्ये (१९३९) वैमानिक जो विमान कोसळून मरतो. त्याच्यासाठी मागवलेला मांसाचा तुकडा त्याचा प्रमुख सर्वांदेखत खातो. कुणी रडत नाही. दुःख कामाखाली दाबलं जातं. वीस वर्षांनंतरच्या ‘रिओ ब्राव्हो’ या वेस्टर्नमध्येही माणसाची किंमत याच कसोटीवर ठरते: हा आपलं काम नीट करतो का?

पण इथे एक अडचण आहे. दोन्ही चित्रपटांच्या लेखनात ज्यूल्स फर्थमन होता. मग ही छाप लेखकाची तर नाही? अशा वेळी फर्थमन नसलेला चित्रपट तपासायचा. ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) ज्या नाटकावर बेतला, त्यात बातमीदार हिल्डी पुरुष आहे आणि १९३१च्या चित्रपटातही तो पुरुषच होता. हॉक्सने तिला स्त्री केलं. लग्न करून संसार थाटायला निघालेली हिल्डी बातमी दिसताच टाइपरायटरला चिकटते. प्रकार विनोदी, लेखक वेगळा, पण कसोटी तीच. मला हा पुरावा सर्वांत भक्कम वाटतो. मात्र दोन-तीनच चित्रपट केलेल्या दिग्दर्शकाच्या बाबतीत ही पद्धत लंगडी पडते, कारण तुलनेला पुरेसं काही हातातच नसतं.